संकष्टीच्या दिवशी मुलाखत: टिळकवाडीतल्या एका हॉटेलातलं प्रकरण

बेळगावात वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना मी शिकवतो आणि नोकरीच्या मुलाखतींची तयारीही करून घेतो. हे प्रकरण माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं. तिने मला ते आठवड्याभरात सांगितलं, आणि पुढे कारखान्याच्या मालकांकडूनही त्यांची बाजू ऐकली. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं वगळली आहेत, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं ती बेळगावातल्या एका सीएंच्या ऑफिसात पगारावर होती. टॅलीतल्या नोंदी, जीएसटीची रिटर्न्स, बँकेचा ताळमेळ असलं सगळं काम तिच्याकडे होतं. पगार 14 हजार. रोज खानापूरहून येऊन-जाऊन करायची. दहावीपर्यंत एक विषय कन्नड असल्यामुळे वाचायला अडत नाही, बोलताना थोडी अडखळते.

उद्यमबागेतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात हिशेबाची जागा निघाली. पहिली मुलाखत ऑफिसात झाली, मॅनेजरने घेतली. तासभर प्रश्न झाले, एक बँक स्टेटमेंट जुळवून दाखवायला सांगितलं आणि तिने ते जुळवलं. कामाची परीक्षा तिथेच संपली होती असं मालकांनी मला नंतर सांगितलं. पुढची भेट ‘माणूस कसा आहे ते बघायला’ होती.

मालक साठीच्या आसपासचे. घरात कन्नड, पण मराठी आपल्यासारखीच, आणि कामाचं बोलणं अर्धंअधिक इंग्रजीत. असे लोक इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी स्वतः फोन केला, “उद्या भेटू या चहाला. टिळकवाडीत, पाऊण वाजता.” ती “हो सर” म्हणाली आणि फोन ठेवला.

अडचण कुठे सुरू झाली

पाऊण वाजता कोणी चहा पीत नाही. हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं, पण परत फोन करून विचारायचा धीर झाला नाही. त्यात दुसऱ्या दिवशी संकष्टी. ती कॉलेजपासून संकष्टी करते, रात्री चंद्रोदयानंतर जेवते. चहाला बोलावलंय म्हणजे प्रश्नच नाही, असं तिने स्वतःची समजूत घातली.

हॉटेल उडपी पद्धतीचं, दुपारी गर्दीचं. मालक आधीच येऊन बसले होते. “काय घेणार?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “काहीही चालेल सर.”

हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते उत्तर नाही हे आपल्या लक्षातच येत नाही. मालकांनी वेटरला हाक मारून “येरडू ऊटा” सांगितलं. दोन जेवणं. तिला कळलं, पण तेव्हाही ती गप्प राहिली. पाच मिनिटांत ताट समोर आलं: दोन पुऱ्या, कोसंबरी, सुकी भाजी, सांबार, सार, दही, वर पापड. मालकांनी पुरी मोडली. तिचा हात मांडीवरच.

“काय, जेवत नाही तुम्ही?”

“सर, आज संकष्टी आहे.”

“अगं मग आधी सांगायचं की!”

मालकांना राग आला नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी वेटरला बोलावून ते ताट बांधून द्यायला सांगितलं, ड्रायव्हरसाठी. उपासाचं काय आहे विचारलं, काही नव्हतं. शेवटी तिच्यासाठी मोसंबीचा ज्यूस आला.

आता इथे दोन गोष्टी घडल्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यातून निघालं. पहिली म्हणजे ‘तुम्ही’चं ‘अगं’ झालं. वयाने वडिलांसारख्या माणसाला उपाशी पोरीसमोर बसून जेवायला लागलं की तो मालक राहत नाही. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यूसचा पेला पाच मिनिटांत संपला आणि मालकांचं जेवण अर्धा तास चाललं. ज्याच्या तोंडात घास आहे तो ऐकतो, ज्याच्यासमोर रिकामा पेला आहे तो बोलतो. त्या अर्ध्या तासात मालकांनी पाच-सहा छोटे प्रश्न विचारले असतील. बाकी सगळं तीच बोलत होती.

काका

गाव विचारून झालं. मालकांच्या सासुरवाडीचे कोणीतरी त्याच गावाशेजारचे निघाले. बेळगावात हे दहा मिनिटांत निघतंच, न निघालं तर नवल. “मग तू आमचीच की,” मालक म्हणाले. “सर-सर काय करतेस, काका म्हण.”

ती काका म्हणाली.

मग लग्नाचं. “ठरलंय काय कुठे?” हा प्रश्न विचारू नये हे मान्य आहे. पण इथल्या मालकाच्या मनात त्यामागे बहुतेक वेळा एकच हिशेब असतो: शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत गाव सोडून जाईल का. त्याला तेवढंच उत्तर देता येतं. “दोन-तीन वर्षं तरी बेळगाव सोडायचा विचार नाही” म्हणायचं आणि थांबायचं. तिने उत्तर सुरू केलं तसंच, पण थांबली नाही. आईचं दुखणं, धाकट्या भावाची फी, येण्याजाण्यात जाणारे तीन तास, सगळं सांगून झालं. मालकांनी मान डोलावत ऐकलं. पगाराची बोलणी व्हायच्या आधीच आपल्याला नोकरीची किती निकड आहे हे ती सांगून मोकळी झाली होती.

एक जागा मात्र तिने उत्तम सांभाळली. शेजारच्या टेबलावर पेपर पडला होता, त्यात सीमाप्रश्नाची बातमी. मालक हसत म्हणाले, “काय, तुमचा निकाल लागतोय काय यंदा?” महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि बेळगावात हा विनोद तितकाच जुना असावा. या प्रश्नाला बाजू घेतली तरी फसतो आणि बाजूच नाही म्हटलं तरी खोटं वाटतं. ती म्हणाली, “ते घरी रोज ऐकते काका. मला एक विचारायचं होतं, तुमचे हजेरीपट कन्नडमध्ये असतात की इंग्रजीत?” मालक लगेच कामगारांच्या हजेरीवर आले. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. वादाच्या विषयाला कामातल्याच भाषेच्या प्रश्नाने वळण देणं मलाही सुचलं नसतं.

निर्णयाची जागा

दहीभात कालवताना मालकांनी खरा प्रश्न काढला. तालुक्यातल्याच एका कंपनीला ते माल पुरवत होते. त्या कंपनीचे हिशेब तिच्या सीएंच्या ऑफिसात होते, आणि हे मालकांना माहीत होतं.

“त्यांचं कसं चाललंय गं? तुमच्याकडेच आहेत ना कागद?”

तिने हसून टाळलं, “असं कसं सांगणार काका.” तोपर्यंत बरोबर होतं. पण हसून टाळलेल्या गोष्टीला नकार म्हणत नाहीत, आणि समोरच्याने तो तसा घेतलाही नाही. दोन घासांनंतर मालक म्हणाले, “माझे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत. आणखी उधारी द्यावी की नको, एवढंच सांग.”

यात डाव नव्हता. मालकांनी मला शपथेवर सांगितलं की ते परीक्षा घेत नव्हते, त्यांना पैशांची काळजी होती. म्हणूनच हा प्रश्न अवघड होता. काकांनी अडचणीत विचारलेलं होतं.

ती म्हणाली, “दोन महिने 3B भरलेलं नाही त्यांनी. कॅशच नाही, आमचे सर सांगत होते.”

ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत. पहिल्यातलं 3B म्हणजे जीएसटीचं रिटर्न, आणि ती माहिती गुप्त नाही. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नोंदणी क्रमांक टाकून कुठलं रिटर्न कधी भरलं ते बघता येतं, लॉगिन लागत नाही. दुसरं वाक्य ऑफिसच्या चार भिंतींतलं. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याची माहिती बाहेर दिली तर 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने सीएवर व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका येतो. ती सीए नाही, पगारी नोकर आहे. पण तिच्या तोंडून गेलेल्या शब्दाचा जाब तिच्या सरांना द्यावा लागला असता. शिवाय दुपारी टिळकवाडीतल्या हॉटेलात उद्यमबागेतले चार लोक शेजारच्या टेबलावर असणं अगदी शक्य होतं.

मालक बोलायचे थांबले. ती सांगते, त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि ताक मागवलं. तिला वाटलं त्यांना वाईट बातमी कळली म्हणून. मालकांनी मला सांगितलं ते वेगळं: “माहिती उपयोगाची होती, खरं त्याच वेळी पोटात गोळा आला. उद्या माझं कुणाला सांगेल?”

तिच्यासमोर कोणते पर्याय होते

तिच्याशी बोलताना आम्ही हे कागदावर मांडलं. सरळ नकार देता आला असता: “ऑफिसातल्या ग्राहकांबद्दल मला बोलता येत नाही.” यात ‘काका’ नाही, हसणं नाही, माफीही नाही. तिला वाटलं हे उद्धट झालं असतं. मला तसं वाटत नाही, पण ज्या माणसाला अर्ध्या तासापूर्वी आपण काका म्हणालो त्याच्यासमोर हे वाक्य जड जातं हे मान्य.

दुसरा पर्याय फक्त पोर्टलपुरतं बोलण्याचा होता. “तुमच्याकडे त्यांचा जीएसटी नंबर असेल, पोर्टलवर टाकून बघा.” हे खोटं नाही आणि आपलं काही उघडही होत नाही. पण त्यातही एक खाच आहे. आपण नेमकं ‘तिकडे बघा’ म्हटलं की समोरच्याला कळतं, बघण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून हे म्हणायचंच असेल तर कुठल्याही कंपनीबद्दल विचारलं तरी हेच सांगते, अशा सुरात म्हणावं लागतं.

तिसरा मला सगळ्यात आवडला असता. नकार देऊन लगेच त्यांच्या अडचणीकडे वळायचं: “त्यांचं मला बोलता येणार नाही. पण तुमचं बिल किती दिवसांचं आहे? उद्यम नोंदणी आहे ना तुमची?” सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. तीन महिने म्हणजे मुदत केव्हाच उलटली होती. तिला हे सगळं येत होतं, ऑफिसात अशी दोन प्रकरणं तिनेच टाइप केली होती. मालकांना त्या कंपनीची बातमी नको होती, त्यांना त्यांचे पैसे हवे होते. ते कसे मागायचे हे सांगणारी व्यक्ती समोर बसली होती आणि तीच कामाला ठेवायची होती. ही संधी ज्यूसच्या रिकाम्या पेल्यासमोर निसटली.

पुढे काय झालं

कॉफी आली. मालकांनी विचारलं, “किती अपेक्षा आहे?” घरून निघताना तिने 22 हजार ठरवलं होतं, 20 च्या खाली यायचं नाही असंही. ती म्हणाली, “तुम्ही बघून द्याल ते, काका.” काकांकडे कोणी घासाघीस करत नाही.

बिल मालकांनी दिलं. तिने पर्स उघडली नाही, “थँक यू सर” म्हटलं एवढंच. हे बरोबर केलं. आपल्याकडे बिलावरून होणारी ओढाओढ पाहुण्यांसाठी ठीक आहे; ज्याने बोलावलं त्याने द्यायचं, आणि उमेदवाराने ओढाओढ केली तर त्याला हे कळत नाही असं दिसतं.

नऊ दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. जागा मिळाली. पगार 18 हजार, तीन महिने चाचणी. बँकेच्या ऑनलाइन व्यवहारात एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची अशी तिथे पद्धत आहे. आधीच्या माणसाकडे नोंद करण्याचा अधिकार होता. तो तिला दिला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. देणेकऱ्यांची यादीही तिला मॅनेजरकडून मागून घ्यावी लागायची.

तिला वाटलं, नवीन आहे म्हणून. मालकांशी माझं बोलणं झाल्यावर मी तिला खरं कारण सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “सर, खरं मी त्यांनाच मदत करायला गेले होते की.”

काय वेगळं करता आलं असतं

तिची चूक टेबलावर झाली, पण ती टाळायची जागा आदल्या दिवशीच्या फोनमध्ये होती असं मला वाटतं. तिथे दोन वाक्यं पुरली असती: “सर, चहाला की जेवायला? उद्या संकष्टी आहे, माझा उपास असतो, तेव्हा मी कॉफीच घेईन, तुम्ही निवांत जेवा.” यात लाज वाटण्यासारखं काही नाही. संकष्टी मालकांच्या घरातही होते. कदाचित ते म्हणाले असते, मग परवा भेटू. कदाचित अकरा वाजता बोलावलं असतं, आणि दोघंही कॉफी पीत बरोबरीने बसले असते.

तरीही ताटासमोर उपाशी बसायची वेळ आलीच, तर हळू संपणारं काहीतरी मागवावं. गरम दूध किंवा कापलेली फळं. चमच्याने खाण्याजोगं काही समोर असलं की उत्तराआधी क्षणभर थांबायला निमित्त मिळतं. मी आता मुलांना हे मुद्दाम सांगतो, आणि ते हसतात.

मागवण्याबद्दल बाकी फार काही नाही. समोरचा मागवतो त्याच्याइतकं किंवा थोडं कमी मागवावं. हाताला लागणारं, रस्सा सांडणारं टाळावं. वेटरशी आपल्याला येते त्या भाषेत बोलावं, मोडकं कन्नड असलं तरी. एवढं जवळपास सगळ्यांना जमतं, आणि त्यावरून कोणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही.

‘काका’बद्दल मात्र माझं मत पक्कं नाही. ‘नको, सरच म्हणते’ असं तोंडावर म्हणणं इथे वाईट दिसतं, जवळ केलेल्या माणसाला ढकलल्यासारखं. मला सुचलेला मधला मार्ग असा: एकदा काका म्हणावं, आणि कामाचा प्रश्न आला की परत ‘सर’वर यावं, न सांगता. “सर, पगाराचं म्हणाल तर 22 ची अपेक्षा आहे.” ऐकणाऱ्याला कळतं की आता पोरगी कामाचं बोलते आहे. माझ्या एका सहकारी बाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते मुलीने पहिल्यापासून सरच म्हणावं, कारण काकांच्या नात्याने प्रश्न विचारायची मोकळीक त्यांना मिळते आणि नकार द्यायची आपली मोकळीक जाते. या प्रकरणात तसं झालं हे मला नाकारता येत नाही.

मालकांनाही मी एक विचारलं: दुसऱ्याच्या ग्राहकाबद्दल तुम्ही विचारलंत, आणि उत्तर दिलं म्हणून तिच्यावरचा विश्वास कमी केलात, हे कसं? ते म्हणाले, “होय, माझंही चुकलंच.” आणि विषय बदलला.

आजची स्थिती

चाचणीचे तीन महिने संपले तेव्हा तिने पगाराचं बोलणं तोंडी केलं नाही, मेल लिहिला. त्या तीन महिन्यांत पाठपुरावा करून वसूल केलेल्या जुन्या उधारीची यादी जोडली. त्यात ती हॉटेलातली कंपनीही होती: 45 दिवसांच्या मुदतीचं पत्र पाठवल्यावर दोन हप्त्यांत पैसे आले. मेलची सुरुवात ‘आदरणीय सर’ अशी होती. पगार 21 हजार झाला. बँकेतला नोंदीचा अधिकार पाचव्या महिन्यात मिळाला.

जुन्या सीए सरांना तिने त्या दुपारचं सांगितलेलं नाही. सांगावं असं मी दोनदा म्हटलं. कोणाकडून उलटून कळण्यापेक्षा तिच्याकडून कळलेलं बरं. ती म्हणते, आता सांगून काय होणार. परवा बसस्टँडवर भेटली तेव्हा तिसऱ्यांदा विषय काढला, तर खानापूरची बस लागली म्हणून पळाली.